आई आणि बायको यांच्यातला निरोप्या: त्रिकोण, एनमेशमेंट आणि आमचं सात माणसांचं घर

निरोप्या

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही सात जण. आई, बाबा, दादा, वहिनी, मी, बायको आणि आमची दहा वर्षांची लेक. भांडणं म्हणावीत अशी आमच्याकडे होत नाहीत. होतं ते असं: बायको मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एका कोर्सला जाते, यायला साडेआठ होतात. मी नऊच्या सुमारास येतो. बूट काढायच्या आत आई म्हणते, "आजही साडेआठ वाजवले. मला काही नाही रे, पण पोरीचं काय?" खोलीत गेलो की बायको विचारते, "काय म्हणत होत्या?" मी जरा पॉलिश करून सांगतो, "आईला वाटतं, क्लास थोडा लवकर सुटला तर बरं." ती म्हणते, "मग मला का नाही सांगत त्या?" हेही मी पॉलिश करून आईपर्यंत पोचवतो. तीन वर्षं हेच चाललंय.

दोघी एकमेकींशी बोलत नाहीत असं नाही. किल्ली कुठे ठेवली, लाइटबिल भरलं का, हे सगळं नीट चालतं. त्यापलीकडचं जे काही असेल ते माझ्या मार्फत.

गेले दोन महिने लेकीचं पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. बायकोच्या लक्षात आलं की दुखणं बहुतेक मंगळवार-शुक्रवारचं असतं.

एका मित्राने दोन शब्द सांगितले: ट्रँग्युलेशन, म्हणजे दोघांच्या ताणात तिसऱ्याला ओढणं, आणि एनमेशमेंट, म्हणजे घरच्यांनी एकमेकांत पार गुरफटून जाणं. वाचलं तर आमच्याच घराचा एक्स-रे काढल्यासारखं वाटलं. प्रश्न दोन: आमचं घर खरंच एनमेश्ड आहे का? आणि मी या मधल्या जागेतून बाहेर कसा पडू?

रोखठोक

सोपं आहे. ट्रँग्युलेशन म्हणजे आई तुम्हाला बायकोविरुद्ध वापरतेय. टॉक्सिक लोकांची जुनी युक्ती. वेगळं बिऱ्हाड करा, त्रिकोण आपोआप मोडतो.

मधुमालती

वेगळं व्हायचं असेल तर घर कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्याकडे तोंडी वाटणी झाली आणि नंतर दिरांनी शब्द फिरवला. सगळं लेखी घ्या.

निरोप्या

ताई, वाटणीचा विषय नाहीये. कोणालाच वेगळं व्हायचं नाही, आईला तर नाहीच. निदान तिने तसं मला सांगितलं आहे. (हे लिहिताना लक्षात आलं, बाकीच्यांना मी विचारलेलंच नाही.)

पिंपळपान

रोखठोक, आम्ही नऊ वर्षांपूर्वी वेगळे झालो. त्रिकोण मोडला नाही, फोनवर गेला. आता सासूबाई माझ्या नवऱ्याला दुपारी ऑफिसात फोन करतात आणि संध्याकाळी त्याचा चेहरा बघून मला कळतं काय बोलणं झालं असेल. आधी निदान मी तिथे तरी असायचे.

कातरवेळ

मी कौटुंबिक समुपदेशनात बरीच वर्षं काढली, आता काम थांबवलं आहे. सावकाश लिहिते, एकदम सगळं नाही.

आधी रोखठोक यांच्यासाठी. त्रिकोण ही कोणाची युक्ती नसते. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. १९५४ ते १९५९ या काळात त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे अख्ख्या कुटुंबांना इस्पितळात राहायला आणलं आणि माणसं एकमेकांशी कशी वागतात ते रोजच्या रोज पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की दोन माणसांचं नातं ताण फार वेळ पेलू शकत नाही. ताण वाढला की ती तिसऱ्याला ओढून घेतात, आणि मग नातं तीन पायांवर स्थिर होतं. स्थिर म्हणजे सुखी नव्हे, नुसतं टिकाऊ. तुमचं तीन वर्षं टिकलंय ना, तसं.

यात एक बारकावा आहे, तो लोक सोडून देतात. त्रिकोणात दोघं आत असतात आणि एक बाहेर. घर शांत असतं तेव्हा बाहेरच्याला चुकल्यासारखं होतं, तो आत शिरू पाहतो. ताण चढला की उलटं होतं, बाहेरची जागा सगळ्यांना हवीशी वाटते. निरोप्या, एक विचारते. दोघी खूप चिडलेल्या असतात त्या दिवशी तुम्ही घरी किती वाजता येता?

निरोप्या

…साडेनऊ, दहा. काम असतं म्हणून.

कातरवेळ

असेल. मी वेळ विचारली, कारण नाही.

आता दुसरं. तुम्ही सात माणसं सांगितलीत आणि गोष्टीत तीनच आली. बाबा कुठे आहेत?

निरोप्या

बाबा घरीच असतात. रिटायर झाले. पेपर, टीव्ही, सातला फिरायला जातात. त्यांचं आणि आईचं कधीच फार बोलणं नव्हतं. आई सगळं मलाच सांगायची, दादाला नाही. मी तिसरी-चौथीत असल्यापासून. आत्याचं काय झालं, बाबा काय बोलले, घरात पैसे कसे पुरत नाहीत. मला त्याचा अभिमानच वाटायचा, खरं सांगायचं तर.

कातरवेळ

हा तुमचा पहिला त्रिकोण. आई-बाबांमध्ये जे बोललं जात नव्हतं त्याचा ताण तुमच्याकडे आला आणि तुम्ही आईचे 'आतले' झालात, बाबा बाहेर. लग्नानंतर बायको आली. आता एका वेळी एकच कोणीतरी तुमच्याबरोबर आत असू शकते. म्हणजे सासू-सुनेचं भांडण म्हणून जे दिसतंय त्यातला निम्मा भाग तीस वर्षांपूर्वी एका नवरा-बायकोत न झालेल्या बोलण्याचा आहे. सुनेच्या क्लासला त्यात फारशी जागा नाही. क्लास नसता तर दुसरं काही निघालं असतं.

गोदाक्का

मी सासू आहे, त्यामुळे माझंही ऐका. तुम्ही सगळे त्या आईला आरोपी करून बसलात. मीही मुलाला सांगते. का सांगते? सुनेला थेट बोलले तर "सासू बोलली" होतं. मुलाला बोलले तर ते नुसतं बोलणं असतं. मी माझ्या सासूला आयुष्यात एक वाक्य थेट बोलले नाही, नवऱ्याला सांगायची, तो विसरायचा, मग बरं चालायचं. आताची मुलं विसरत नाहीत, पोचवतात. तिथे घोटाळा आहे.

पिंपळपान

गोदाक्का, हे वाचून मी पाच मिनिटं हसत होते.

कातरवेळ

गोदाक्का बरोबर सांगतात. कोणाजवळ तरी मन मोकळं करणं यात काही बिघाड नाही. ऐकणारा ते ऐकून विसरला किंवा हसला तर ताण उतरतो आणि दोघी आपापल्या पायांवर परत येतात. ऐकणाऱ्याने ते उचललं, बाजू घेतली किंवा निरोप म्हणून पुढे नेलं, की त्रिकोण पक्का होतो. म्हणून तो ओळखायला माझी खूण साधी होती: बोलून झाल्यावर मूळच्या दोघी एकमेकींशी बोलायच्या शक्यतेजवळ आल्या की लांब गेल्या?

उंबरठा

मला हे सगळं जरा गुळमुळीत वाटतंय. "दोघी एकमेकींशी थेट बोला" म्हणणं सोपं आहे. सून आणि सासू एका पातळीवर आहेत का? घर सासूचं, नातेवाईक सासूचे, मुलगा सासूचा. सून थेट बोलली तर किंमत तीच मोजते. या थिअरीत सगळे जण "सिस्टीमचे भाग" होतात आणि सत्ता कोणाची हे हळूच गायब होतं.

कातरवेळ

हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून स्त्रीवादी थेरपिस्टांनी नेमकं हेच सुनावलं होतं. मारहाण, धमकी, पैसे किंवा फोन काढून घेणं असं काही असेल तर त्रिकोणाची भाषा बाजूला ठेवायची. तिथे "तुम्ही दोघी बोला" हा सल्ला धोकादायक आहे, आणि तिसऱ्याला बोलावणं हेच शहाणपण आहे. निरोप्यांच्या घरी तसं आहे का, हे मला इथून दिसत नाही. ते फक्त त्यांची बायको सांगू शकेल, आणि ती इथे नाही.

निरोप्या

तसं काही नाही. पण तुम्ही म्हणता तसं, हेही मीच सांगतोय.

एनमेशमेंटचं काय? आमच्याकडे दारं बंद करत नाहीत. माझा पगार झाला की आईला कळतं. बायको उदास असली की अख्खं घर कुजबुजतं. लेकीला कमी मार्क पडले तेव्हा आठवडाभर घरात सुतक होतं.

रोखठोक

हे तर शंभर टक्के एनमेशमेंट. बाउंड्रीज शून्य.

कातरवेळ

थांबा जरा. हा शब्द रुळवला साल्वादोर मिनुचिन यांनी. मूळचे अर्जेंटिनाचे, पुढे अमेरिकेत काम केलं, १९७४ साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. एका टोकाला एकमेकांत पार गुरफटलेली घरं, दुसऱ्या टोकाला कोणाचं कोणाला काही नसलेली घरं, बाकीची मधे कुठेतरी. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ही वागण्याची ढब आहे, आजार नव्हे. बाळ लहान असताना आई आणि बाळ गुरफटलेलेच असतात, तसे नसले तर काळजी.

त्यामुळे दारं उघडी असणं, पगार माहीत असणं, यावरून मी काहीच ठरवणार नाही. एकत्र घरात माहिती फिरतेच. मी दोन गोष्टी बघायचे. एकाचं मन बिघडलं तर बाकीच्यांना आपलं शाबूत ठेवता येतं का, की ताप आल्यासारखं सगळ्यांनाच चढतं? आणि "नाही, मला वेगळं वाटतं" असं कोणी म्हटलं तर ते मत ठरतं की घात ठरतो? तुमच्या घरात शेवटचं "नाही" कोणी म्हटलं होतं आणि त्यानंतर काय झालं, ते आठवून बघा.

निरोप्या

दादाने. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी चांगली नोकरी आली होती. आई काही बोलली नाही, नुसती आजारी पडली. दादाने नोकरी नाकारली. आई तिसऱ्या दिवशी बरी झाली. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. दादा तेव्हापासून कमी बोलतो.

उंबरठा

हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

निरोप्या

मला तो किस्सा या विषयातला वाटलाच नाही. आम्ही तो "आईचं प्रेम" या खात्यात टाकला होता.

कातरवेळ

दोन्ही खात्यांत बसतो तो. आईचं आजारपण खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. अशा घरात वेगळेपणाची भीती शरीरातून बोलते, आणि त्या माणसालाही ते कळत नाही.

आता लेकीबद्दल, जपून. मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मधुमेह असलेल्या काही मुलांवर काम केलं. आई-बाप वाद घालत असताना मूल काचेमागून बघायचं, आणि रक्तातली मुक्त मेदाम्लं मोजायचे. ताणाने ती वाढतात. ज्या मुलांचा मधुमेह औषधं नीट घेऊनही सारखा उसळायचा, त्यांच्यात ती जास्त वाढली. प्रयोग छोटा होता आणि त्यावरून आई-बापांना दोष देण्याची जी लाट आली तिच्यावर पुढे खूप टीका झाली, योग्यच झाली. म्हणून पोटदुखीला "घरचा ताण" असं लेबल लावून डॉक्टर सोडू नका. वजन घटणं, रात्री दुखण्याने जाग येणं, ताप, शौचातून रक्त, यातलं काही दिसलं तर लगेच परत दाखवा.

पण एक बघा. मंगळवारी-शुक्रवारी दुखलं की काय होतं? कोण काय करतं?

निरोप्या

आई तिच्याजवळ बसते. बायको क्लासमधून लवकर निघते. मीही लवकर येतो. बाबा फिरायला जात नाहीत.

च्यायला.

कातरवेळ

मुलगी नाटक करत नाहीये. फक्त त्या दोन संध्याकाळी घरातले चार मोठे एका कामात एकत्र येतात, आणि ते काम ती आहे. कदाचित योगायोग असेल.

निरोप्या

मग मी करू काय? उद्या सगळ्यांना बसवून सांगतो की यापुढे निरोप बंद.

कातरवेळ

ते करू नका. कुटुंबाची बैठक घेऊन जाहीरनामा काढला की तो आईविरुद्धचा ठराव ठरतो आणि त्यामागे बायको आहे असं मानलं जातं.

पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका. रोज रात्री दोन ओळी लिहा: कोण, कोणाकडे, कोणाबद्दल बोललं, आणि त्या वेळी तुमच्या पोटात काय झालं. तुमचा स्वतःचा हात कुठे लागतो ते त्यात दिसेल.

मग एक छोटी गोष्ट. आई सुरू झाली की ऐका, नेऊ नका, आणि बायकोची वकिलीही करू नका. "हे तू तिलाच सांगितलंस तर बरं आई, मी नाही सांगणार," एवढं एकदा, आवाज न चढवता. यानंतर उठून गेलात तर सगळं फुकट. तिथेच बसा आणि तिच्याबद्दल काहीतरी विचारा, तिच्या गुडघ्याबद्दल, तिच्या बहिणीबद्दल. तिला तुम्ही हवे आहात. सुनेचा विषय हे तुमच्यापर्यंत यायचं तिचं तिकीट आहे. तिकीट न मागता आत घ्या.

मग खोलीत जाऊन बायकोला "आज मी आईला असं बाणेदार उत्तर दिलं" हे सांगू नका. तो तोच त्रिकोण, फक्त पालथा. इथे येऊन आम्हाला सांगणं हाही एक त्रिकोणच आहे म्हणा, पण आम्ही लांब आहोत.

आधी बिघडेल. घराला जुनी चाल हवी असते. आई दुसरा माणूस शोधेल.

गोदाक्का

मुलीला फोन करेल. लिहून ठेवा.

निरोप्या

*(साधारण पाच आठवड्यांनी)*

धागा वर आणतोय. गोदाक्का, चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. "आईशी तू नीट बोलत नाहीस म्हणे." मी ताईला समजावायला गेलो आणि पाऊण तास आईबद्दल बोलत बसलो. रात्री वही लिहिताना कळलं की मी नवा त्रिकोण उघडला.

दोन आठवडे आई माझ्याशी तुटक होती. मी रोज दहा मिनिटं बसत होतो. विषय सुचायचे नाहीत, लाज वाटली. तीस वर्षं आम्ही फक्त तिसऱ्याबद्दल बोलत होतो.

मागच्या शुक्रवारी आई बायकोला थेट बोलली. फार वाईट बोलली. क्लासबद्दल नाहीच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने कपाटाची किल्ली परत दिली तेव्हा ती हातात न देता टेबलावर ठेवली होती, त्याबद्दल. बायकोला ते आठवतही नव्हतं. दोघी दहा मिनिटं भांडल्या. मी तिथेच उभा होतो, काही बोललो नाही. मला वाटलं, जमलं.

रात्री बायको म्हणाली, "तू छान सुटलास. आधी त्या माझ्याबद्दल तुला बोलायच्या, आता मला तोंडावर बोलतात आणि तू शांतपणे बघतोस."

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उंबरठा

मी म्हणाले होते.

रोखठोक

वेगळे व्हा हो.

कातरवेळ

बायको बरोबर आहे, आणि चूक माझ्या सांगण्यात राहिली. निरोप न नेणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. किल्लीची गोष्ट त्या दोघींची आहे, तिथे तुमचं काम नाही. पण क्लास कोणाचा निर्णय होता?

निरोप्या

आमचा दोघांचा. फॉर्म मीच आणला होता.

कातरवेळ

हे आईला माहीत आहे?

निरोप्या

नाही. मी कधी सांगितलंच नाही. आईला वाटतं, तिने परस्पर ठरवलं.

कातरवेळ

म्हणजे तीन वर्षं तुम्ही दोघींचे निरोप नेलेत आणि तुमचा स्वतःचा एकही दिला नाहीत. तो द्यायचा राहिलाय. "आई, क्लास आम्ही दोघांनी ठरवला, फॉर्म मी आणला, तो चालू राहणार. संध्याकाळची तुझी अडचण काय ती मला सांग, कारण पोर माझीही आहे." हे बायकोच्या वतीने नाही, तुमच्या वतीने.

बोवेन यांनी १९६७ साली तज्ज्ञांच्या सभेत ठरलेला निबंध सोडून स्वतःच्या आई-वडील-भावंडांत हे करून बघितल्याची हकीकत वाचली होती. छापली तेव्हा लेखकाचं नाव नव्हतं. त्यांनाही आधी वर्षानुवर्षं बरेच प्रयत्न फसल्यावर जमलं होतं. तुम्ही पाच आठवड्यांत आहात.

पिंपळपान

अवांतर: मी काल नवऱ्याला विचारलं, दुपारच्या फोनवर तू त्यांना स्वतःबद्दल काय सांगतोस? तो म्हणाला, काही नाही. मग बराच वेळ गप्प होता.

निरोप्या

काल सांगितलं. बाबाही तिथेच होते, पेपर खाली नव्हता ठेवला.

आई म्हणाली, "म्हणजे तूच." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "सातला हे फिरायला जातात, मी आणि पोरगी दोघीच असतो घरात. मला अंधार पडला की भीती वाटते." दादा-वहिनी आठशिवाय येत नाहीत, हे मला ठाऊक होतं, पण कधी जोडून बघितलं नव्हतं. बाबांनी पेपराआडून विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग त्यांना."

मी नाही सांगितलं. सध्या तिघंही त्यावर थांबलो आहोत. लेकीचं पोट या मंगळवारी दुखलं, शुक्रवारी नाही.